आधी तुटतं ते एकच क्रोमॅटिड

प्रश्न: पुस्तकातल्या क्रॉसिंग ओव्हरच्या आकृतीत दोन क्रोमॅटिड, म्हणजे गुणसूत्रांच्या प्रती, एकमेकांवरून जातात, तुटतात आणि तुकडे बदलून जोडले जातात. पण डीएनएचे दोन वेगळे रेणू एका अक्षराचाही फरक न पडता एकाच जागी कसे तुटतात? चुकीच्या जागी जोडले गेले तर? आणि प्रत्येक जोडीत किमान एक क्रॉसिंग ओव्हर होतंच म्हणतात, मग रिकॉम्बिनंट, म्हणजे दोन जनुकांची नवी जुळणी असलेले, ५० टक्क्यांच्या वर का जात नाहीत?

उत्तर:

ते दोन रेणू एकाच वेळी तुटतच नाहीत. आकृतीमुळे तसं वाटतं, कारण तिच्यात फक्त सुरुवात आणि शेवट दाखवलेला असतो. प्रत्यक्षात आधी एकच क्रोमॅटिड तुटतं. त्याची दुरुस्ती करताना पेशी समजात गुणसूत्राचा, म्हणजे जोडीतल्या दुसऱ्या गुणसूत्राचा, नमुना म्हणून वापर करते, आणि त्या दुरुस्तीच्या ओघात, अगदी शेवटी, दुसऱ्या क्रोमॅटिडला काप बसतो. तोवर दोघांची अक्षरं एकमेकांशी जुळलेली असतात. जागा अचूक येते ती या जुळणीमुळे. दोन कात्र्यांचा नेम एकाच ठिकाणी बसावा लागत नाही.

क्रम असा आहे. मायोसिसच्या, म्हणजे बीजपेशी बनवणाऱ्या विभाजनाच्या, पहिल्या पूर्वावस्थेच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे लेप्टोटीनमध्ये, स्पो-११ नावाचं प्रथिन डीएनएचे दोन्ही पदर तोडतं. हा अपघात नसतो, पेशी स्वतःहून हे घाव घालून घेते. यीस्टमध्ये हे काम स्पो-११ करतं हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं आणि पुढे उंदीर, माणूस, वनस्पती सगळीकडे त्याचे भाऊबंद सापडले. काप घातल्यावर स्पो-११ तुटलेल्या टोकांना चिकटून राहतं, म्हणून आधी ते टोकाच्या छोट्या तुकड्यासकट छाटून काढावं लागतं. मग दोन पदरांपैकी एक पदर मागे मागे कुरतडला जातो आणि दुसरा पदर एकेरी, उघडा उरतो. यीस्टमध्ये ही उघडी शेपटी साधारण ८०० अक्षरांची असते.

या शेपटीवर रॅड-५१ आणि डीएमसी-१ या प्रथिनांचं आवरण चढतं. डीएमसी-१ फक्त मायोसिसमध्येच काम करतं. आवरण चढलेली शेपटी दुसऱ्या दुपदरी डीएनएत शिरायचा प्रयत्न करते: थोडा भाग उकलायचा, अक्षरं जुळतात का पाहायचं, नाही जुळली तर सोडून पुढे जायचं. जुळली की ती आत बसते आणि तिथला मूळ पदर बाजूला ढकलला जाऊन त्याचं वेटोळं होतं. जागेची अचूकता येते ती इथे. बराच लांब मजकूर ओळीने जुळल्याशिवाय ही घुसखोरी टिकत नाही.

आता एक शंका यायला हवी. शेजारी हुबेहूब तशीच प्रत, म्हणजे त्याच गुणसूत्राचं जुळं क्रोमॅटिड, उपलब्ध असताना शेपटी लांबच्या समजात गुणसूत्राकडे का जाते? शरीराच्या साध्या पेशीत घाव पडला तर दुरुस्ती बहुतेक जुळ्या क्रोमॅटिडवरूनच होते. मायोसिसमध्ये मात्र गुणसूत्राच्या कण्यावर बसलेली प्रथिनं ही जवळची वाट अडवून धरतात. यीस्टमध्ये त्यासाठी लागणारं मेक-१ हे एन्झाइम काढून टाकलं, तर दुरुस्ती जुळ्या क्रोमॅटिडवरून उरकली जाते आणि क्रॉसओव्हर घटतात. जुळ्या प्रतीवरून दुरुस्ती झाली तर अलीलच्या, म्हणजे जनुकाच्या पर्यायी रूपांच्या, दृष्टीने काहीच बदलत नाही, कारण दोन्हीकडे मजकूर एकच.

शेपटी आत बसल्यावर तिचं टोक समजात गुणसूत्राचा मजकूर पाहून पुढे लिहीत जातं. इथून दोन वाटा फुटतात. पहिली वाट म्हणजे थोडं लिहून झालं की शेपटी बाहेर येते, घावाच्या दुसऱ्या टोकाला जुळते आणि प्रकरण मिटतं. यात क्रॉसओव्हर होत नाही. फार तर एक छोटा तुकडा समोरच्या अलीलप्रमाणे बदलतो. याला जीन कन्व्हर्जन म्हणतात. दुसऱ्या वाटेने, घावाचं दुसरं टोकही त्या ढकललेल्या पदराला पकडतं आणि दोन्ही रेणू दोन ठिकाणी एकमेकांत अडकतात. या अडकलेल्या जागांना हॉलिडे जोड म्हणतात. ते सोडवायला एमएलएच-१ आणि एमएलएच-३ ही जोडी पदर कापते, आणि ते अशा रीतीने की डावीकडचा भाग एका गुणसूत्राचा आणि उजवीकडचा दुसऱ्याचा राहतो. दुसऱ्या क्रोमॅटिडला काप बसतो तो इथे, पॅकिटीन अवस्थेत. सूक्ष्मदर्शकाखाली पॅकिटीनमधल्या पेशीत एमएलएच-१ ला रंग दिला की गुणसूत्रांच्या जोड्यांवर ठिपके दिसतात, आणि एक ठिपका म्हणजे बहुतेक वेळा एक क्रॉसओव्हर. त्यापुढच्या डिप्लोटीन अवस्थेत गुणसूत्रं दूर होऊ लागली की त्याच जागी कायझ्मा, म्हणजे दोघांना धरून ठेवणारा फुलीसारखा जोड, दिसतो. कायझ्मा हा क्रॉसिंग ओव्हरचा मागे उरलेला पुरावा आहे, ती घटना त्याच्या बरीच आधी उरकलेली असते. परीक्षेत हा क्रम हमखास उलटा लिहिला जातो.

पहिलीच वाट जास्त वापरली जाते. उंदराच्या एका पेशीत दोनशेच्या वर घाव पडतात आणि क्रॉसओव्हर होतात वीस-पंचवीस. माणसात पुरुषाच्या एका पेशीत साधारण ५० आणि स्त्रीच्या बीजपेशीत सरासरी ७० च्या आसपास क्रॉसओव्हर दिसतात, पण पेशीपेशीत बराच फरक असतो.

आता ५० टक्क्यांचा प्रश्न. क्रॉसिंग ओव्हर होतं तेव्हा प्रत्येक गुणसूत्राची प्रत निघालेली असते, म्हणजे चार क्रोमॅटिड शेजारी शेजारी असतात. एका क्रॉसओव्हरमध्ये त्यांतली दोनच भाग घेतात. उरलेली दोन जशीच्या तशी. म्हणून दोन जनुकांच्या मध्ये प्रत्येक पेशीत नेमका एक क्रॉसओव्हर झाला, अगदी एकही पेशी न चुकता झाला, तरी चारांपैकी दोनच रिकॉम्बिनंट मिळतात. ते ५० टक्के झाले.

मग दोन क्रॉसओव्हर झाले तर? कागदावर चार रेघा ओढून बघा: १ आणि २ एका गुणसूत्राची क्रोमॅटिड, ३ आणि ४ दुसऱ्याची. पहिला क्रॉसओव्हर क्रोमॅटिड २ आणि ३ मध्ये झालाय असं धरा. दुसरा चार प्रकारे होऊ शकतो. पुन्हा २ आणि ३ मध्येच झाला, तर बाहेरच्या दोन जनुकांच्या दृष्टीने सगळं मूळ जागी येतं आणि रिकॉम्बिनंट शून्य. १ आणि ४ मध्ये झाला, तर चारही रिकॉम्बिनंट. १ आणि ३ मध्ये किंवा २ आणि ४ मध्ये झाला, तर प्रत्येकी दोन. चारही प्रकार सारख्याच शक्यतेचे धरले तर १६ क्रोमॅटिडपैकी ०+४+२+२, म्हणजे ८ रिकॉम्बिनंट. पुन्हा ५० टक्केच. तीन, चार कितीही क्रॉसओव्हर घ्या, सरासरी तीच येते. थोडक्यात, ज्या पेशीत त्या दोन जनुकांमध्ये एकही क्रॉसओव्हर झाला नाही ती शून्य टक्के देते, आणि एक किंवा जास्त झालेली सरासरी ५० टक्के. म्हणून रिकॉम्बिनंटचं प्रमाण हे ‘मध्ये किमान एक क्रॉसओव्हर झालेल्या पेशींच्या प्रमाणाच्या निम्मं’ असतं. ही ओळ पक्की धरली की जनुकांच्या नकाशाची बरीचशी गणितं सोपी होतात.

फळमाशीवर ती लावून बघू. मॉर्गन यांच्या कामातलं, पाठ्यपुस्तकांत नेहमी दिलं जाणारं उदाहरण घेतो. एका जनुकामुळे अंग राखाडी की काळं ते ठरतं, दुसऱ्यामुळे पंख नेहमीचे की खुरटे ते. राखाडी अंग आणि नेहमीचे पंख प्रभावी. शुद्ध राखाडी-नेहमीचे आणि शुद्ध काळ्या-खुरट्या माश्यांच्या संकरातून आलेली मादी घेतली आणि काळ्या-खुरट्या नराशी तिचा संकर केला. संतती अशी मिळाली: राखाडी-नेहमीचे ९६५, काळे-खुरटे ९४४, राखाडी-खुरटे २०६, काळे-नेहमीचे १८५. एकूण २३००. शेवटचे दोन गट रिकॉम्बिनंट, त्यांची बेरीज ३९१, म्हणजे १७ टक्के.

आता वरची ओळ लावा. १७ टक्के रिकॉम्बिनंट म्हणजे साधारण ३४ टक्के मातृपेशींमध्ये या दोन जनुकांच्या मध्ये क्रॉसओव्हर झाला आणि ६६ टक्के पेशींमध्ये झाला नाही. शंभर पेशी, ४०० क्रोमॅटिड. चौतीस पेशींची १३६ क्रोमॅटिड, त्यांतली निम्मी, म्हणजे ६८ रिकॉम्बिनंट. ४०० पैकी ६८ म्हणजे १७ टक्के. मादीत चारांपैकी एकच क्रोमॅटिड अंड्यात जातं आणि बाकीची ध्रुवपेशींत वाया जातात. पण कोणतं जाणार हे नशिबावर असल्यामुळे मोठ्या संख्येत प्रमाण तेच राहतं.

हा संकर प्रयोगशाळेत करताना आकडे कुठे बिघडतात तेही सांगतो, कारण चुकीचा आकडा बऱ्याचदा ओळखता येतो. पहिली चूक, संकरित नर वापरणं. नर फळमाशीत क्रॉसिंग ओव्हर होतच नाही. त्यामुळे दोनच गट मिळतात, रिकॉम्बिनंट एकही नाही, आणि विद्यार्थी ‘पूर्ण लिंकेज’, म्हणजे ही जनुकं कधीच वेगळी होत नाहीत, असा निष्कर्ष लिहून मोकळा होतो. संकरित व्यक्ती मादीच हवी. दुसरी चूक, ती मादी व्हर्जिन नसणं. २५ अंश सेल्सिअसला मादी कोषातून बाहेर आल्यावर आठ तासांच्या आत वेगळी करावी लागते. उशीर झाला आणि बाटलीतल्या संकरित भावाशी तिचा संबंध आला, तर त्या भावाचे निम्मे शुक्राणू दोन्ही प्रभावी अलील घेऊन येतात. त्यांच्यापासून होणारी सगळी संतती राखाडी-नेहमीची दिसते. म्हणून हा एकच गट फुगलेला आणि त्याचा जोडीदार गट आखूड दिसला की आधी इथे संशय घ्या.

कारण एका क्रॉसओव्हरमधून दोन्ही उलट प्रकार सारखेच बाहेर पडतात. वर ९६५ ला ९४४ आणि २०६ ला १८५ अशा जोड्या जवळजवळ सारख्या आहेत, हीच प्रयोग नीट झाल्याची खूण. जोडी मोडली तर दोष क्रॉसिंग ओव्हरचा नसतो, मोजणीचा किंवा जगण्याचा असतो. खुरट्या पंखांच्या माश्या ओल्या खाद्यात चिकटून मरतात आणि ते गट कमी भरतात. नुकत्याच बाहेर आलेल्या माश्या फिकट असतात, त्यामुळे काळी माशी राखाडीत मोजली जाते. रंग पक्का व्हायला काही तास द्या. शिवाय तापमान आणि मादीचं वय यांनी फळमाशीतलं क्रॉसिंग ओव्हरचं प्रमाण खरोखरच बदलतं, म्हणून दोन प्रयोगांची तुलना करायची असेल तर बाटल्या एकाच तापमानाला आणि माद्या एकाच वयाच्या ठेवा.

अलील मिसळतात म्हणजे किती मिसळतात, याबद्दलही बराच गैरसमज असतो. पत्ते पिसल्यासारखं प्रत्येक जनुक सुटं होऊन मिसळत नाही. माणसाच्या शुक्राणूत सरासरी २५ च्या आसपास क्रॉसओव्हरच्या खुणा जातात (पेशीतल्या ५० च्या निम्म्या, वरच्याच कारणाने) आणि गुणसूत्रं २३. म्हणजे एका गुणसूत्राला साधारण एक खूण. तुम्हाला वडिलांकडून आलेलं एखादं गुणसूत्र बहुधा दोन-तीन लांब पट्ट्यांचं असतं: इथपर्यंत आजोबांचं, पुढे आजीचं. एकविसाव्या गुणसूत्रासारख्या लहान जोडीत बहुतेक वेळा एकच क्रॉसओव्हर होतो, म्हणून जवळपास निम्म्या शुक्राणूंमध्ये ते आजोबांचं किंवा आजीचं अखंड उतरतं. एकमेकांना चिकटून असलेली दोन जनुकं पिढ्यान्‌पिढ्या बरोबर फिरतात ती याचमुळे.

आणि नर फळमाशीसारखे अपवाद सोडले तर प्रत्येक जोडीत किमान एक क्रॉसओव्हर हवाच, हे अलील मिसळण्यासाठी नाही. पहिल्या विभाजनात जोडीतली दोन गुणसूत्रं विरुद्ध टोकांकडे ओढली जाताना त्यांना शेवटच्या क्षणापर्यंत बांधून ठेवणारी गाठ म्हणजे कायझ्मा. गाठच नसेल तर दोघं स्वतंत्रपणे कुठेही जाऊ शकतात, कधी दोघंही एकाच बाजूला. डाउन सिंड्रोमच्या बऱ्याच उदाहरणांत आईकडून आलेल्या एकविसाव्या जोडीत क्रॉसओव्हर झालेलाच नसतो, किंवा तो गैरसोयीच्या जागी झालेला असतो. स्त्रीमध्ये ही गाठ ती स्वतः आईच्या पोटात असतानाच पडते आणि अंडं परिपक्व होईपर्यंत, म्हणजे कधी तीस-चाळीस वर्षं, टिकवावी लागते.

राहिला प्रश्न चुकीच्या जागी जोडण्याचा. तेही होतं, आणि नेमकं तिथेच होतं जिथे एकसारखा मजकूर शेजारी शेजारी दोनदा लिहिलेला असतो. शेपटी फक्त अक्षरं जुळतात का एवढंच पाहते. ती जुळणारी जागा हीच की शेजारची, हे तिला कळायचं साधन नसतं.

आपल्याकडचं उदाहरण अल्फा थॅलेसेमियाचं. हिमोग्लोबिन अल्फा आणि बीटा ग्लोबिन या प्रथिनांचं बनतं, आणि या आजारात अल्फा कमी पडतं. सोळाव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ अल्फा ग्लोबिनची दोन जनुकं ओळीने असतात, म्हणून माणसात एकूण चार. ती दोन्ही आणि त्यांच्या भोवतीचा मजकूर जवळजवळ सारखा आहे, आणि हे सारखे पट्टे एकमेकांपासून ३.७ किलोबेस, म्हणजे ३,७०० अक्षरांवर आहेत. मायोसिसमध्ये एका गुणसूत्राचं पहिलं जनुक समोरच्याच्या दुसऱ्या जनुकाशी जुळलं आणि तिथे क्रॉसओव्हर झाला, तर हिशेब असा होतो: एका क्रोमॅटिडवर दोन जनुकांचं मिळून एकच जोडजनुक उरतं आणि ३.७ किलोबेस गायब, दुसऱ्यावर तीन जनुकं आणि ३.७ किलोबेस जास्त. काप बसला ती जागा अक्षरशः जुळलेलीच असते, म्हणून उरलेलं जोडजनुक मोडकं नसतं, चालतं. चुकलेली असते ती जोडणी कुणाशी करायची ही निवड. भारतात आढळणाऱ्या अल्फा थॅलेसेमियात हीच ३.७ ची तूट सर्वाधिक दिसते.

एका गुणसूत्रावर तूट असेल तर चारांपैकी तीन जनुकं चालू राहतात आणि सहसा काही जाणवत नाही. आई आणि वडील दोघांकडून तूट आली तर दोनच उरतात. मग हिमोग्लोबिन ठीक किंवा किंचित कमी असतं, पण लाल पेशी लहान दिसतात, त्यांचा सरासरी आकार सांगणारा एमसीव्ही आणि त्यांच्यातलं हिमोग्लोबिन सांगणारा एमसीएच खाली येतात, आणि रिपोर्ट लोहाच्या कमतरतेसारखा वाटतो. फरक कळतो लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनवरून: इथे ते सहसा नॉर्मल असतं. हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी तपासणीही यात बहुधा नॉर्मल येते, कारण त्यांतला एचबीए-२ हा प्रकार वाढतो तो बीटा थॅलेसेमिया मायनरमध्ये, म्हणजे बीटा ग्लोबिनचं एकच जनुक बिघडलेलं असताना. म्हणून फेरिटिन नॉर्मल, एचपीएलसी नॉर्मल आणि तरी लाल पेशी लहान असं चित्र असेल, तर महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या देत राहण्याऐवजी डॉक्टर अल्फा जनुकांची गॅप-पीसीआर मागवतात. तिच्यात तुटीच्या दोन्ही बाजूंना प्रायमर, म्हणजे प्रत काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, लावलेले असतात. मधला भाग गेला असेल तरच ते पुरेसे जवळ येतात आणि ठरावीक लांबीचा पट्टा मिळतो.

त्याच क्रॉसओव्हरमधून निघालेलं दुसरं क्रोमॅटिड, तीन जनुकांचं, एरवी निरुपद्रवी असतं. पण त्याच व्यक्तीत बीटा थॅलेसेमिया मायनरही असेल तर जास्तीचं अल्फा ग्लोबिन बीटाशिवाय शिल्लक राहतं, लाल पेशींत साचून त्यांचं नुकसान करतं, आणि मायनर म्हणून नोंद झालेल्या माणसाला अपेक्षेपेक्षा जास्त ॲनिमिया होतो. मायनरचा रिपोर्ट आणि रुग्णाची अवस्था जुळत नसेल तेव्हा अल्फा जनुकं मोजून घेतात ती याचसाठी.